‘काकू परत आल्यात’ ते आरओची नोट: एका एटीएम तक्रारीच्या नोंदी

ठाण्यातल्या एका बँक शाखेत मी अधिकारी आहे. काउंटरवरच्या तक्रारी मोबाइलवरच्या गप्पांमधून वर येतात आणि पुढे त्यांचीच नोट बनून क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे आमच्या बोलीत आरओला, जाते. त्या प्रवासात काय काय हरवतं ते या एका प्रकरणात लख्ख दिसलं, म्हणून या नोंदी. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

२७ जून २०२५, शुक्रवार

दुपारी आमच्या क्लार्कचे मेसेज आले. जसेच्या तसे:

> मॅडम त्या पोळीभाजी केंद्रवाल्या काकू परत आल्यात
> तेच ते १० हजारवालं, स्टेशनजवळचं एटीएम
> पैसे आलेच नाहीत म्हणतात पण तिकडून सक्सेसफुल म्हणून रिजेक्ट आलंय
> मुलगा गेला होता काढायला. तो म्हणतो मशीन हँग झालं मग परत कार्ड टाकलं
> मी सोमवारपर्यंत होईल म्हटलेलं, आता काय सांगू
> खूप बोलल्या, ओम्बड्समनकडे जाते म्हणाल्या
> मला तर वाटतं पोरानेच उडवले 😅
> आरओला टाकूया का?

खाली पासबुकाचा एक फोटो आणि डेबिट कार्डाचा एक. कार्डाचा फोटो आधी डिलीट करायला लावला. पूर्ण कार्ड नंबर ग्रुपवर फिरवायचा नसतो हे सगळ्यांना माहीत असतं, घाईत कुणाला आठवत नाही.

मी त्याला म्हटलं, तूच नोट लिही, मी बघते. संध्याकाळी त्याचा मसुदा आला:

> सदर खातेदार वारंवार शाखेत येऊन रक्कम रु. १०,०००/- प्राप्त न झाल्याबाबत तक्रार करीत आहेत. संबंधित बँकेने सदर व्यवहार यशस्वी असल्याचे कळविले आहे. सदर रक्कम खातेदाराच्या मुलाने काढली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. खातेदाराने लोकपालाकडे जाण्याची धमकी दिली आहे. तरी योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर.

वाचायला अगदी सरकारी. पण गप्पांपेक्षा वाईट, कारण गप्पांमध्ये होतं तेही यात उरलं नाही. ‘मग परत कार्ड टाकलं’ हे वाक्य गळालं. इमोजी लावून मारलेला टोमणा मात्र ‘शक्यता नाकारता येत नाही’ होऊन बँकेचं मत बनला. ही नोट उद्या लोकपालासमोर ठेवावी लागली, तर मुलाने पैसे घेतल्याचा पुरावा काय, असं विचारतील, आणि आपल्याकडे एक हसरा चेहरा आहे. ‘धमकी’ तर काढलीच. तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा मिळालेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत जाणं हा खातेदाराचा हक्क आहे. हक्क सांगितला की धमकी होत नाही.

मसुदा तिथेच थांबवला. उद्या चौथा शनिवार, बँक बंद.

३० जून, सोमवार

भाषा सुधारायच्या आधी घटना नीट मांडायची ठरवली. चॅटमधल्या प्रत्येक वाक्यापुढे लिहायला घेतलं: हे कुणी पाहिलं, कुणी ऐकलं, कुणाला वाटलं, आणि कागद कुठे आहे. बहुतेक ओळींपुढे ‘काकू म्हणतात’ किंवा ‘आपल्याला वाटतं’ एवढंच आलं. कागद असलेली ओळ एकच, नाकारल्याची. तीही तारखेशिवाय.

अडकले ते ‘मग परत कार्ड टाकलं’पाशी. दोनदा कार्ड टाकलं असेल तर व्यवहार दोन. आणि तक्रारीत तर एकच आहे.

खात्याचं स्टेटमेंट काढलं. ८ जून, रविवार, संध्याकाळी त्याच एटीएमवर दहा-दहा हजारांचे दोन डेबिट, एक ७:१२ ला, दुसरा ७:१४ ला. पहिल्याच्या आधी शिल्लक ₹४६,३२०, दोन्हींनंतर ₹२६,३२०. एटीएमच्या व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, त्याला आम्ही आरआरएन म्हणतो. पहिल्याच्या शेवटी ४४७१, दुसऱ्याच्या शेवटी ४४९८. १० जूनला आपण नोंदवलेली तक्रार ४४९८ वर होती.

क्लार्कला विचारलं, “हा नंबर कुठून घेतलास?”

“स्लिपवरून, मॅडम. काकूंनी स्लिप दिली होती ना.”

सगळा घोळ या एका वाक्यात. जो व्यवहार फसतो त्याची स्लिप बहुधा येत नाही, कारण मशीनच अडकलेलं असतं. काकूंकडे होती ती दुसऱ्या, म्हणजे पैसे मिळालेल्या व्यवहाराची. त्यांनी प्रामाणिकपणे हातातला एकमेव कागद दिला, आपण त्यावरचा नंबर टाकला, आणि एटीएमवाल्या बँकेने खरं तेच कळवलं की या व्यवहारात नोटा दिल्या आहेत. आपण ज्याबद्दल विचारलंच नाही, त्याचं उत्तर ते कसं देणार?

स्लिप परत नीट पाहिली. खाली छापलेली शिल्लक ₹२६,३२०. त्या दिवशी दुसरा कुठलाही व्यवहार नाही. सकाळच्या ₹४६,३२० मधून एकदाच दहा हजार गेले असते, तर स्लिपवर ₹३६,३२० हवे होते. म्हणजे ही स्लिप छापली जाण्याआधीच पहिले दहा हजार वळते झाले होते. स्लिप पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होती. सगळ्यांनी वरचा नंबर वाचला, खालची शिल्लक कुणीच नाही.

एक सावधगिरी इथेच लिहून ठेवते. यावरून पहिला डेबिट झाला एवढंच सिद्ध होतं. पैसे बाहेर आले नाहीत, हे नाही. ते फक्त एटीएमवाल्या बँकेकडच्या नोंदींवरून कळेल.

दुपारी काकूंना फोन केला आणि स्पीकरवर मुलगाही बोलला. मशीनने नोटा मोजल्याचा आवाज आला, मग स्क्रीन तशीच राहिली, नोटा बाहेर आल्या नाहीत. कार्ड परत आलं. त्याने पुन्हा टाकलं, तेव्हा पैसे आणि स्लिप दोन्ही मिळालं.

“काकू, तुम्हाला मेसेज किती आले होते?”

“दोन आले, पण सारखेच होते. मला वाटलं एकच परत आला.”

दोन्ही मेसेज अजून फोनमध्ये होते. मंगळवारी येताना फोन घेऊन या म्हटलं.

३० जून, संध्याकाळ

दुसरा मसुदा, मी लिहिलेला. दोन व्यवहार, वेळा, आरआरएन, स्लिपवरची शिल्लक, सगळं त्यात होतं. तारखेच्या क्रमाने, दोन पानं. मेलने आरओला पाठवला.

१ जुलै, मंगळवार

सकाळीच परत. आरओच्या डेस्कवरून एक ओळ: ‘शाखेला नेमके काय अपेक्षित आहे?’

प्रश्न रास्त होता. ८ जूनपासून निघालेली गोष्ट दुसऱ्या पानाच्या तळाशी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ला पोचत होती. आपल्याला पूर्ण कथा माहीत असते म्हणून ती सुरुवातीपासून सांगाविशी वाटते. आरओतल्या माणसासमोर अशा बऱ्याच नोटा असतात आणि त्याला एवढंच ठरवायचं असतं की ही कुठे पाठवायची आणि सोबत काय मागायचं. त्यात आरओ स्वतः पैसे जमा करत नाही. दावा आमच्या मुख्यालयातला एटीएम रिकन्सिलिएशन विभाग पुढे नेतो. म्हणजे आमच्या नोटचा खरा वाचक आरओच्याही पलीकडे बसलेला, आणि त्याला शाखा, काकू, पोळीभाजी काहीच ठाऊक नाही.

मागायचं काय, यावर साहेबांशी बसून बोलले. त्यांचं म्हणणं, “आधीचा नकार रद्द करा असं लिहा.” मला ते पटलं नाही. ४४९८ वरचा नकार बरोबर आहे. तो रद्द करा म्हटलं की समोरची बँक तोच व्यवहार पुन्हा तपासेल आणि तेच उत्तर देईल. मागायला हवा तो ४४७१ वरचा नवा दावा, आणि जुना नकार आम्हाला मान्य आहे हेही स्पष्ट लिहायला हवं. साहेब थोडं थांबून हो म्हणाले.

पुरावा काय मागायचा, ते ठरवायला मशीनच्या आत काय होतं ते बघावं लागतं. ईजे म्हणजे मशीनने ठेवलेला प्रत्येक पायरीचा लॉग. व्यवहार मंजूर झाला, नोटा मोजल्या, पुढे सरकवल्या, ग्राहकाने उचलल्या, अशा नोंदी त्यात असतात. मंजुरीच्या वेळीच खात्यातून पैसे वळते होतात. नंतर नोटा आत अडकल्या तर मशीनने उलट संदेश पाठवून ते परत करायचे असतात, आणि तो संदेश पोचला नाही तर डेबिट तसाच राहतो. अडकलेल्या नोटा नाकारलेल्या नोटांच्या पेटीत पडतात आणि पुढची रोकड भरताना मोजणीत तेवढी रक्कम जास्त सापडते. म्हणून मागायच्या गोष्टी तीन: दोन्ही व्यवहारांचा सलग ईजे, ८ जूननंतरच्या पहिल्या मोजणीतली शिलकी किंवा तूट, आणि सीसीटीव्ही. एकट्या ४४७१ चा ईजे मागितला तर दोन मिनिटांच्या अंतराची गोष्ट पुन्हा तुटते, म्हणून ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. फुटेज ठरावीक काळाने पुसलं जातं, तेव्हा ते मिळेपर्यंत जपून ठेवा, अशी विनंती वेगळी.

मुलाचा उल्लेख करायचा का, यावर क्लार्कशी थोडा वाद झाला.

“मॅडम, कार्ड मुलाला दिलं, पिन सांगितला, हे आपणच लिहून दिलं तर काकू अडकतील.”

त्याची काळजी खोटी नव्हती. पिन दुसऱ्याला सांगू नये हे खरंच. पण इथे अनधिकृत व्यवहाराची तक्रार नाही, मशीनने नोटा न दिल्याची आहे, आणि समोर कोण उभं होतं यावर नोटा अडकणं ठरत नाही. उलट न लिहिलं तर फुटेजमध्ये पन्नाशीच्या बाईऐवजी तरुण मुलगा दिसेल आणि ‘खातेदार उपस्थित नव्हत्या’ म्हणून नवाच फाटा फुटेल. एका साध्या वाक्यात लिहिलं, विशेषण न लावता.

‘सोमवारपर्यंत होईल’ही ठेवलं. चॅटमध्ये कुठला सोमवार ते नव्हतं. विचारल्यावर कळलं की नकार आला त्या २० जूनला बोलणं झालं, म्हणजे २३ जून. काकू वर तक्रार करतील तेव्हा हे पहिलं सांगतील. आरओला ते आमच्याकडून आधी कळलेलं बरं.

नुकसानभरपाईचा आकडा क्लार्कने १० जूनपासून काढला होता, तक्रारीच्या तारखेपासून. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात एटीएममधून पैसे न मिळता खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत ते आपणहून परत करायचे आहेत. त्यापुढे दर दिवसाला ₹१०० खातेदाराच्या खात्यात, तेही तिने मागण्याची वाट न बघता. मोजणी कॅलेंडरच्या दिवसांची. म्हणजे मुदत १३ जूनला संपली आणि १ जुलैला विलंब १८ दिवसांचा. तक्रार चुकीच्या नंबरवर गेल्याने या घड्याळाला काही फरक पडत नाही, कारण ते तक्रारीवर चालतच नाही.

दुपारी काकू आल्या. दोन्ही मेसेजचे फोटो घेतले, लेखी निवेदनावर सही घेतली. त्यांना सरळ सांगितलं की आधीची तक्रार दुसऱ्या नंबरवर गेली होती, आता बरोबर नंबरवर जाईल, तारीख मात्र मी देऊ शकत नाही. “ताई, हे आधीच सांगितलं असतं तर मी एवढी बोललेच नसते,” म्हणाल्या आणि दुकानावर गेल्या.

१ जुलै, पाठवलेली नोट

खातं आणि कार्डाचे शेवटचे चार आकडेच लिहिले. इथे तेही काढले आहेत.

> विषय: एटीएममधून रोख न मिळाल्याचा दावा नव्याने नोंदवणे. व्यवहार ८ जून २०२५, सायं. ७:१२, ₹१०,०००, आरआरएन अखेर ४४७१
>
> विनंती: (१) आरआरएन ४४७१ वर नवा दावा नोंदवण्यासाठी प्रकरण रिकन्सिलिएशन विभागाकडे पाठवावे. (२) एटीएमच्या बँकेकडून ७:१० ते ७:१६ चा सलग ईजे, ८ जूननंतरच्या पहिल्या रोकड मोजणीचा अहवाल आणि सीसीटीव्ही फुटेज मागवावे. फुटेज तोवर जतन करण्यास आजच कळवावे. (३) दावा मान्य झाल्यास रकमेसोबत विलंबाची भरपाई जमा करावी.
>
> काय घडले: ८ जून रोजी एकाच एटीएमवर एकाच कार्डाने ₹१०,००० चे दोन व्यवहार झाले. ७:१२ च्या व्यवहारात (४४७१) रोख मिळाली नाही, असे खातेदाराचे म्हणणे आहे. ७:१४ च्या व्यवहारात (४४९८) रोख व स्लिप मिळाली, याबद्दल वाद नाही. दोन्ही रकमा खात्यातून वळत्या झाल्या आहेत. कार्ड खातेदाराच्या वतीने त्यांच्या मुलाने वापरले. फुटेजमध्ये तो दिसेल.
>
> आधीचा दावा: १० जून रोजी शाखेने स्लिपवरील क्रमांकावरून ४४९८ वर दावा नोंदवला. २० जून रोजी तो ‘व्यवहार यशस्वी’ म्हणून नाकारला गेला. तो नकार योग्य आहे व त्याचा फेरविचार नको. ४४७१ वर अद्याप कोणताही दावा झालेला नाही.
>
> शाखेने पडताळलेले: स्टेटमेंटमध्ये दोन्ही डेबिट. स्लिपवरील शिल्लक ₹२६,३२०, दोन्ही डेबिटनंतरच्या शिलकीशी जुळते. दोन एसएमएस. न पडताळलेले: ७:१२ ला रोख बाहेर आली की नाही.
>
> मुदती: रक्कम परत करण्याची मुदत १३ जूनला संपली. आजअखेर विलंब १८ दिवस, भरपाई ₹१,८००, पुढे प्रतिदिन ₹१००. खातेदाराची मूळ तक्रार १० जूनची असल्याने तीस दिवस १० जुलैला पूर्ण होतात.
>
> खातेदारास काय सांगितले: २० जूनला शाखेने तोंडी ‘२३ जूनपर्यंत होईल’ असे सांगितले होते. आज चुकीच्या क्रमांकाची माहिती देऊन नवा दावा नोंदवत असल्याचे सांगितले. तारीख दिलेली नाही.
>
> सोबत: स्टेटमेंट, स्लिप, एसएमएसची छायाचित्रे, खातेदाराचे निवेदन, २० जूनचा नकार.

चॅटचा स्क्रीनशॉट जोडला नाही. क्लार्क जोडूया म्हणत होता, ‘पुरावा म्हणून’. चॅट आपलं आपल्याशी बोलणं आहे, घटनेचा पुरावा नाही. जे कामाचं होतं ते तपासून नोटमध्ये आलंय.

सगळ्यात जास्त वेळ ‘न पडताळलेले’ या ओळीवर गेला. साहेबांना वाटत होतं त्याने आपली बाजू कमकुवत दिसते. मला वाटतं ती ओळ नसती तर आरओने हाच प्रश्न विचारून नोट परत पाठवली असती.

२ जुलै, बुधवार

आरओकडून प्रश्न न येता प्रकरण पुढे गेलं. एकच सूचना आली: फुटेजची विनंती वेगळ्या मेलने करा, म्हणजे दाव्याच्या रांगेत ती थांबणार नाही. हे मला सुचलं नव्हतं. लगेच केलं.

८ जुलै, मंगळवार

काकूंच्या खात्यात ₹१०,००० जमा. समोरच्या बँकेने दावा मान्य केला. मोजणीत त्या मशीनमध्ये दहा हजार जास्त निघाले होते, असं उत्तरात आहे. फुटेजची गरज पडली नाही.

भरपाई मात्र आली नाही. नोटमध्ये स्पष्ट मागितली होती तरी. आरओला दोन ओळींचा मेल: मुदत १३ जून, जमा ८ जुलै, विलंब २५ दिवस, ₹२,५०० बाकी. जुनी नोट सोबत जोडली नाही, फक्त तिचा संदर्भ दिला.

११ जुलै, शुक्रवार

₹२,५०० जमा झाले.

सिस्टिममध्ये एक गोष्ट उरली. १० जूनची तक्रार तिथे अजून ‘नाकारली’ म्हणून बंद दिसते, कारण पैसे नव्या क्रमांकावर आले. उद्या कुणी काकूंचा इतिहास उघडला तर त्यांनी खोटी तक्रार केली होती असं वाटेल. जुन्या तक्रारीच्या शेऱ्यात नव्या दाव्याचा क्रमांक आणि ‘शाखेकडून आरआरएन चुकीचा नोंदला गेला होता’ एवढं लिहून घेतलं. काकूंना निकालाचं पत्र दिलं. त्यांनी ते वाचून घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं की अडीच हजारांवर टॅक्स लागतो का. ते सीएला विचारा म्हटलं.

काउंटरवर आता एटीएमची तक्रार घेताना स्लिपवरचा नंबर टाकण्याआधी स्टेटमेंट काढायचं ठरलं आहे. त्याच मशीनवर मागेपुढे दहा मिनिटांत दुसरा डेबिट आहे का, ते पाहून मगच आरआरएन भरायचा.